गावच्या अंगणवाडीला काय द्यावं, आणि पहिलीत मुलं अडतात कुठे?

अलकनंदा_मांजलपूर

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळानं यंदा गणपतीचा खर्च आटोपशीर ठेवून 40 हजार रुपये बाजूला काढलेत. मंडळातल्या एकीच्या यजमानांचं वाघोडिया तालुक्यात शेत आहे, त्या ओळखीनं तिथल्या एका गावची अंगणवाडी बघून आलो. तिला काहीतरी द्यायचं आहे, पण काय, यावर एकमत होत नाहीये.

वीसेक मुलं असतात. बहुतेकांचे आईवडील शेतमजूर. कुणी चौथीत शाळा सोडलेली, कुणी शाळेची पायरीच चढलेलं नाही. अंगणवाडी चालवणाऱ्या कार्यकरबेन मनमोकळ्या आहेत. आम्ही गेल्यावर मुलांनी कक्को, म्हणजे गुजराती मुळाक्षरं, अगदी ज्ञपर्यंत म्हणून दाखवला, 1 ते 50 आकडे म्हटले, दोन बालगीतं हावभावासकट केली. आम्ही खूश. मग शेजारच्याच सरकारी शाळेत डोकावलो, तर पहिलीच्या बेन म्हणाल्या, "बोलतात छान, पण पाटीवर काम दिलं की ह्यातली बरीचशी बसून राहतात." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. सगळं पाठ आहे, तर मग अडतं कुठे?

मंडळात दोन तट पडलेत. एकीकडे स्मार्ट टीव्ही, दुसरीकडे छोटी बाकं आणि अक्षरं गिरवायच्या वह्या. प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी सांगेल का?

फतेगंजकर

टीव्हीला माझं मत. घरी शिकवणारं कुणी नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे ना? करोनात मुलं घरी होती तेव्हा गुजरात सरकारनं 'उंबरे आंगणवाडी' म्हणून टीव्हीवर कार्यक्रम चालवलेच होते. एकदा पेनड्राइव्हवर चांगल्या गोष्टी, गाणी भरून दिली की कार्यकर कशीही असो, मुलांच्या कानावर शुद्ध भाषा पडते. 40 हजारांत टीव्ही, भिंतीवरचा स्टँड, स्टॅबिलायझर, सगळं बसतं. हवं तर मी कोटेशन काढून देतो.

खंडेरावमार्केट

खरं बोलू का? अंगणवाडी म्हणजे नाश्ता, वजनकाटा आणि पोषण आहाराची पाकिटं. शिक्षण तिथे नसतंच. आमचा ड्रायव्हर पादरा गावाकडचा आहे. त्यानं पोराला गावातल्याच एका इंग्रजी नर्सरीत घातलंय, महिना पाचशे रुपये फी. पोरगं चार वर्षांचं, एबीसीडी लिहितं, वहीभर! गरीब माणूसही खिशातले पैसे मोजून तिकडे जातोय, यातच सगळं आलं. तुम्ही 40 हजारांत दोन-चार पोरांची फी भरा, त्यांचं तरी भलं होईल.

दांडियाबाजार_आजोबा

विषय चांगला काढलात. आमच्या नातवाचा जन्म 9 जूनचा. शाळेवाले म्हणतात आठ दिवसांसाठी पहिलीत घेणार नाही. हा कुठला न्याय? मुलगा चुणचुणीत आहे, रामरक्षा पाठ आहे. अंगणवाडीचा दाखला आणला तर चालेल का?

पहिलीचे_मास्तर

आजोबा, दाखल्यानं काही होणार नाही. 2023 च्या जूनपासून गुजरातमध्ये 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत म्हणजे हवीत. त्याच वर्षी सरकारी शाळांत पाच ते सहा वयासाठी बालवाटिका सुरू झाली. नातू आणखी एक वर्ष तिथे जाईल. जाऊ द्या, काही बिघडत नाही.

अलकनंदाताई, मी वडोदरा जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक शाळेत आहे, पहिली-दुसरी बरीच वर्षं घेतली. मुलं बसून का राहतात ते सांगतो. आमच्याकडे पहिलीत वाचन कक्क्याच्या क्रमानं सुरूच होत नाही. ग, म, न, ज अशा सोप्या वळणाच्या अक्षरांपासून सुरू करायची जुनी रीत आहे, कारण चार अक्षरं आली की लगेच शब्द होतात: मगन, गगन, नमन, जमन. आता ज्याला कक्को पाठ आहे त्याला मी फळ्यावर नुसता 'म' दाखवला, की तो मनातल्या मनात 'क'पासून गाडी सोडतो. मपर्यंत पोचतो की नाही ते त्याच्या श्वासावर अवलंबून! त्याच्या लेखी 'म' हे एका लांबलचक गाण्यातलं एक ठिकाण आहे. 'मगर'मध्ये आणि 'मरचुं'मध्ये सुरुवातीला एकच आवाज येतो, हे त्याला कधी कुणी ऐकवलेलंच नसतं.

मला येणाऱ्या मुलांकडून अक्षरं नकोतच. "'म'नं सुरू होणारं काहीतरी सांग" म्हटल्यावर मुलाला 'मिंदडी', म्हणजे मांजर, आठवली पाहिजे, आणि मी सलग दोन गोष्टी सांगितल्या, म्हणजे दप्तर खुंटीला लाव आणि पाटी घेऊन ये, तर दुसरी विसरली नाही पाहिजे. एवढं असलं तर अक्षरं मी दिवाळीपर्यंत देतो. गिरवायच्या वह्या देऊ नका, हात जोडतो.

खंडेरावमार्केट

मास्तर, मग नर्सरीतला पोरगा लिहितो ते काय उगीच?

पहिलीचे_मास्तर

साहेब, त्याला एकदा विचारा, B कशाला म्हणतात आणि तो शब्दात कुठे भेटतो. वही भरणं आणि वाचता येणं यात बरंच अंतर आहे. माझ्या वर्गात अशा नर्सरीतून परत आलेली मुलंही असतात. आईवडिलांना फी झेपेनाशी झाली की सरकारी शाळेत येतात. त्यांचं बोट पेन्सिलीवर पक्कं असतं, हे मान्य. पण गोष्ट सांग म्हटलं की तीही माझ्याकडे बघत बसतात.

मीनल_बालविकास

एम. एस. विद्यापीठाच्या होमसायन्सला बालविकास शिकले, तिथल्या चेतन बालवाडीत प्रॅक्टिकल केली, पुढे गावांत काम केलं. त्यामुळे या विषयावर थोडं जास्तच लिहीन, सांभाळून घ्या.

खंडेराव, तुमचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. आंबेडकर विद्यापीठ दिल्ली आणि असर सेंटर यांनी मिळून आसाम, राजस्थान आणि तेव्हाच्या आंध्रातल्या सुमारे 14 हजार ग्रामीण मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला होता. 2017 मध्ये अहवाल आला. अंगणवाडीत शिकवण्याचा भाग फार थोडा असतो, हे त्यांनाही दिसलं. पण खासगी नर्सरीत पहिलीचाच अभ्यास दोन वर्षं आधी रेटला जातो, आणि तोही या वयाला मानवत नाही, हेही दिसलं. पाच वर्षांच्या मुलांची तयारी दोन्हीकडे अपेक्षेपेक्षा कमीच निघाली. तेव्हा फी भरून प्रश्न सुटतो असं नाही.

त्या अभ्यासात मुलांना काय विचारलं होतं ते बघण्यासारखं आहे. अक्षरं विचारली नव्हती. चित्र बघून काय चाललंय ते सांग, कशात जास्त आणि कशात कमी, नक्षीत पुढे काय येईल, एकसारख्या वस्तू वेगळ्या कर, शब्दाचा पहिला आवाज ओळख, सांगितलं तसं कर, असं सगळं. मास्तरांनी मागितलं तेच.

आता तुमच्या 1 ते 50 बद्दल. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक करून बघा. खिशात मूठभर चिंचोके न्या, चार-साडेचार वर्षांच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन बसा. सात चिंचोके ओळीत मांडा आणि मोजायला सांगा. तोंड आणि बोट एका चालीनं जातात का बघा. बऱ्याच मुलांचं तोंड 'नऊ'वर असतं तेव्हा बोट पाचव्या चिंचोक्यावर. समजा जमलं, सातला सात झाले. मग चिंचोक्यांवर हात झाका आणि विचारा, "किती होते?" ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला हात बाजूला सारू लागेल. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे अजून बसलेलं नाही. मग ढीग पुढे करा आणि म्हणा, "मला पाच दे." खरी परीक्षा ही. 50 पर्यंत घडाघडा म्हणणारी मुलगी मूठ भरून देईल आणि तुमच्याकडे बघून हसेल.

यात ती ढ आहे असं अजिबात नाही. सगळीच मुलं या वाटेनं जातात. आधी 'एक दे' जमतं, काही महिन्यांनी 'दोन दे', मग 'तीन दे', आणि साधारण तीन-चारच्या पुढे एकदम उमगतं, मग कुठलाही आकडा द्या. शिकलेल्या घरात हा प्रवास साधारण साडेतीन-चार वर्षांच्या वयापर्यंत होतो, कारण आई पोळ्या मोजून वाढते, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढते, "दोनच बिस्किटं" म्हणून दटावते. मजुरीवरून सातला येणाऱ्या आईच्या घरात हे बोलणं होतच नाही असं नाही, पण कमी होतं, आणि ती भर अंगणवाडीनं घालायची असते. ती राहून गेली की पहिलीत 3 + 2 येतं तेव्हा पोरगी पाटीवर 3 चा आकडा सुबक काढते आणि थांबते.

फतेगंजकर

मीनल, पटलं. पण हे टीव्हीवरही दाखवता येईल की? मोजायची गाणी वगैरे.

मीनल_बालविकास

गाण्यात आकडे म्हटले जातात, ते त्यांना येतातच आहेत. टीव्ही "पाच दे" म्हणून हात पुढे करत नाही, आणि सात दिलेस, बघ पुन्हा, असंही म्हणत नाही. कार्यकरसाठी नमुना म्हणून महिन्यातून एखादी फीत ठीक आहे. मुलांसाठी म्हणाल तर भीती ही की टीव्ही लागला की बाई रजिस्टर घेऊन बसतील. त्यांचा दोष नाही, रजिस्टरं आहेतच तेवढी.

सुमनमावशी_डभोई

मी मुख्य सेविका म्हणून निवृत्त झाले. सेजातल्या, म्हणजे माझ्या गटातल्या, अंगणवाड्या फिरण्यातच जन्म गेला. लेक टाइप करून देतेय.

मीनलबेन, सगळं खरं. पण बाईचा दिवस पण सांगा ना लोकांना. केंद्र उघडलं की आधी फोन. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर केंद्र उघडल्याची नोंद, मुलांची हजेरी, फोटो. तोवर मदतनीस तेडागरबेन फळियात, म्हणजे वस्तीत, फिरून पोरं गोळा करते. मग नाश्ता. मग कुणाची सून पाकिटं न्यायला येते, बालशक्ती, मातृशक्ती. आता चेहरा ओळखायचा फोटो काढल्याशिवाय पाकीट देता येत नाही, आणि गावात नेटवर्क असं, की फोन घेऊन ओटल्यावर उभं राहायचं. महिन्याचं वजन-उंची, ममता दिवसाला लसीकरणाला बायका जमवा, गरोदर बाईच्या घरी भेट, मतदारयादीचं काम आलं तर तेही. आणि समोर पोरं तीन वर्षांचीही आणि पाच वर्षांचीही. एकाला शी लागलेली, एक रडतंय. वेळापत्रकात शिकवायचे दोन तास छापलेले आहेत. मी अचानक जाऊन उभी राहायची तेव्हा अर्धा-पाऊण तास दिसला तरी मी खूश.

तेव्हा जे द्याल ते असं द्या, की बाईचं काम वाढणार नाही.

आणि दुसरं, खेळण्यांचं. सरकारी किटमध्ये ठोकळे, मणी, चित्रांची कार्डं येतातच. कुठे असतात? कपाटात! कारण ती डेड स्टॉकच्या रजिस्टरला चढलेली. एक ठोकळा हरवला तर तपासणीत उत्तर कोण देणार? म्हणून बाई पाहुणे आले की काढते, गेले की आत. मी स्वतः बायकांना सांगून थकले की तुटलं तर तुटलं, मी सही करते. भीती जात नाही. तुम्ही महागडी शैक्षणिक खेळणी दिलीत तर तीही कपाटातच जाणार. भिंतीवर दात्यांची नावं तेवढी राहतील.

अलकनंदा_मांजलपूर

मावशी, हे तर आम्ही प्रत्यक्ष पाहिलं! कपाट आमच्यासाठी उघडलं होतं, आणि मुलं त्या ठोकळ्यांवर अशी तुटून पडली की जणू पहिल्यांदाच बघताहेत. तेव्हा लक्षात नाही आलं.

मग हरवली तरी चालेल अशाच वस्तू द्यायच्या का?

सुमनमावशी_डभोई

हो. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, काथ्या, रंगीत चिंध्या, खडू, मातीचे छोटे गडू. रजिस्टरला न चढणारं. ते पोरांच्या हाती राहतं. आणि तेडागरला हाताशी धरा, तिला कुणी विचारत नाही. नाश्ता वाढते ती. मीनलबेन म्हणतात ती मोजणी नाश्त्याच्या वेळी फुकटात होते. मी माझ्या काही केंद्रांत लावली होती. रोज एक पोर 'वाढपी'. त्यानं बसलेल्यांची डोकी मोजायची, तेवढ्याच थाळ्या आत जाऊन मागायच्या. तेडागरनं मुद्दाम एक कमी द्यायची. मग आरडाओरडा, "मला नाही, मला नाही!" मग किती कमी पडल्या? एक. वही नाही, पाटी नाही, ट्रॅकरवर नोंद नाही. दोन-तीन महिन्यांत पाच वर्षांची पोरं बारा-तेरापर्यंत बरोबर थाळ्या आणायची. तीनवाली बघून बघून शिकायची.

बाई बदलली की मात्र बंद पडायचं, तेही सांगते.

मीनल_बालविकास

मावशी, हे तर कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा सरस आहे. एक जोड देते. तामिळनाडूत अंगणवाड्यांवर एक मोठा प्रयोग झाला होता. काही अंगणवाड्यांत फक्त मुलांना शिकवण्यासाठी अर्ध्या वेळची एक जादा बाई नेमली, बाकीच्या तशाच ठेवल्या. दीड वर्षानं बघितलं तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला, मुलांचं गणित आणि भाषा दोन्हींत स्पष्ट फरक, आणि गंमत म्हणजे कुपोषणही कमी, कारण मूळ कार्यकरला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला. म्हणजे अडचण बाईच्या बुद्धीची किंवा इमारतीची नव्हती, माणसाच्या वेळाची होती.

अलकनंदाताई, तुमच्या 40 हजारांतून गावातलीच बारावी झालेली एखादी मुलगी रोज दोन तासांसाठी मानधनावर ठेवता आली, तर मी टीव्ही-बाकं सगळं सोडून तिकडे वळेन.

खंडेरावमार्केट

आणि पैसे संपले की? दहा महिने चालेल, पुढे काय? सरकारी केंद्रात बाहेरची मुलगी बसवायला परवानगी कोण देणार? बोलायला सोपं आहे.

सुमनमावशी_डभोई

हा प्रश्न खरा आहे, भाऊ. परवानगी तालुक्याच्या बाल विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावी लागेल, आणि अधिकारी बदलले की पुन्हा घ्यावी लागेल. मी होकार देणारेही पाहिलेत, वर्षभर कागद दाबून ठेवणारेही.

आणि भाऊ, "अंगणवाडीत शिक्षण नसतंच" असं म्हणालात ना? आमच्या दाहोदच्या एका अंगणवाडी बाईंचा ग्रॅच्युइटीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2022 ला निकाल आला. कोर्टानं शिक्षणहक्क कायद्याच्या 11 व्या कलमाचा आधार घेतला, अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं म्हणून. कागदावर तरी आम्ही शिक्षकच. मानधन मात्र अजून मानधनच.

पहिलीचे_मास्तर

एक गोष्ट राहून जातेय. बालवाटिका आल्यापासून पाच वर्षांवरची मुलं अंगणवाडीतून शाळेत गेली. म्हणजे मावशींचे ते तेरा थाळ्या आणणारे वाढपी आता शाळेत. अंगणवाडीत उरली तीन ते पाचची. कागदावर छान दिसतं. पण माझ्या शाळेत बालवाटिकेला स्वतंत्र शिक्षक नाही. पहिलीच्या वर्गातच एका बाजूला बसतात. मी पहिलीला 'म' शिकवतो तेव्हा तीही 'म' गिरवतात, कारण दुसरं काय करणार? जी तयारी अंगणवाडीत खेळत व्हायची, ती आता बाकावर बसून होते, किंवा होत नाही.

मीनल_बालविकास

मास्तर, इथे मी थोडी वेगळी आहे. पाच वर्षांच्या मुलांसाठी वर्षभराचा वेगळा टप्पा हवाच होता. पूर्वी तीच मुलं पाच-साडेपाचला सरळ पहिलीत ढकलली जायची. आता निदान सहा पूर्ण होईपर्यंत थांबतात. शिक्षक नाही हा अंमलबजावणीचा दोष.

पहिलीचे_मास्तर

ताई, मुलाचं वर्ष अंमलबजावणीतच जातं हो.

सुमनमावशी_डभोई

मला तर वाटतं पाचवाली आमच्याकडेच ठेवायला हवी होती. घराजवळ, तेडागर बोट धरून आणते. शाळा गावाबाहेर, रस्ता ओलांडून. पण आमचं कोण ऐकतं.

रेवाकाठ

मी छोटाउदेपूरकडे कामाला होतो. वाघोडियात काय परिस्थिती आहे ठाऊक नाही, पण अलकनंदाताई, त्या वीस मुलांत घरी राठवी किंवा भिली बोलणारी किती आहेत, ते आधी विचारा. दाहोद-पंचमहालकडून शेतीकामाला, वीटभट्टीवर येणारी कुटुंबं असतील तर असणारच. आमच्याकडे मुलं कार्यकरबेनच्या गुजरातीपुढे वर्ष-वर्ष गप्प बसायची. बाहेरून शिस्तबद्ध वर्ग वाटायचा! तेडागरबेन त्यांच्याच फळियातली असेल आणि तिनं तिच्या बोलीत गोष्ट सांगितली, की तीच मुलं एकमेकांच्या अंगावर पडून बोलायची. तिथून हळूहळू गुजराती.

दुसरं म्हणजे ही मुलं पेरणीला एका गावात, कापणीला दुसऱ्या. पोषण ट्रॅकरवर नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवायची सोय आहे, पण नाव हललं तरी चिंचोक्यांवर कुठवर आलो होतो ते हलत नाही. यावर मला काही उपाय सापडला नाही.

अलकनंदा_मांजलपूर

हे आम्ही विचारलंच नव्हतं. तिघं-चौघं कोपऱ्यात गप्प बसली होती, कुणीतरी "लाजाळू आहेत" म्हणालं, आम्ही मान डोलावली.

गोष्टीबद्दल विचारायचं होतं. मंडळातल्या चौघीजणी महिन्यातून दोनदा जाऊन गोष्ट सांगायला तयार आहेत. उपयोग आहे का? आमचं गुजराती ठीकठाक आहे, बडोद्यातच वाढलोय.

मीनल_बालविकास

महिन्यातून दोनदा नवी गोष्ट सांगितलीत तर करमणूक होईल, तेवढीच. एकच गोष्ट लागोपाठ चार-पाच दिवस हवी, ते काम कार्यकर-तेडागरचंच. पहिल्या दिवशी नुसती सांगायची. दुसऱ्या दिवशी चित्रं दाखवत. तिसऱ्या दिवशी मध्येच थांबायचं, "मग कावळा काय म्हणाला?" आणि सगळ्यांनी कोरसमध्ये उत्तर द्यायचं नाही, एकाच मुलाचं नाव घेऊन विचारायचं. चौथ्या दिवशी एका मुलानं सांगायची, बाकीच्यांनी चुका काढायच्या. आईवडील न शिकलेले असले तरी घरी गोष्ट पोचते, कारण पाचव्या दिवशी पोरगं घरी जाऊन तीच सांगतं.

तुम्ही चौघी गेलात की एवढंच ऐका: बाई मुलांशी बोलतात ते वाक्य कसलं आहे? "बेसी जा, हाथ जोड, बोलो बधा" हे हुकूम वेगळे, आणि "तुला काय वाटतं, तो का पळाला असेल?" हे वेगळं. तासाभरात दुसऱ्या प्रकारचं एकही वाक्य कानावर आलं नाही, तर भिंतीवर कितीही चित्रं असोत, तयारी होत नाहीये. हे बाईंना टोचून बोलू नका, फक्त तुम्ही स्वतः तसं विचारा. त्या बघतात.

दांडियाबाजार_आजोबा

नातवाला चिंचोके दिले. 'पाच दे' म्हटलं तर पाच दिले. 'सात दे' म्हटलं तर म्हणतो, मला सांगा कशाला हवेत. आता हा हुशार की आगाऊ?

पहिलीचे_मास्तर

दोन्ही. पाठवा माझ्याकडे.

फतेगंजकर

टीव्ही मागे घेतो, पण एक सुचवतो. चित्रांची पुस्तकं द्या, मोठ्या आकाराची. जाड पुठ्ठ्याची मिळाली तर बरं. आणि तीही कपाटात जाऊ नयेत म्हणून दोरीवर चिमट्यांनी लटकवायची, मुलांच्या हाताच्या उंचीवर. फाटली तर आम्ही पुन्हा देऊ असं लिहूनच द्यायचं. सुतळी-चिमटे माझ्याकडून.

सुमनमावशी_डभोई

हे चालेल. पत्रावर 'वापरून फाटण्यासाठी' असं स्पष्ट लिहा आणि सरपंचाची सही घ्या. बाईला तपासणीत दाखवायला कागद लागतो.

अलकनंदा_मांजलपूर

काल मंडळाची बैठक झाली. बाकं रद्द. गिरवायच्या वह्या रद्द, यावर दोघी नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, आईवडिलांना वहीत काहीतरी दिसलं नाही तर ते मुलांना उचलून नर्सरीत घालतील. यात तथ्य आहे असं मलाही वाटतं, आणि त्यावर काय करावं ते सुचत नाही. पुस्तकं, दोरी, चिंचोके आणि झाकणं यांना दहा-बारा हजार पुरेत. उरलेल्यातून दोन तासांच्या मुलीचं बघायचं, पण आधी परवानगीचा अर्ज.

पहिलीचे_मास्तर

आईवडिलांचं म्हणाल तर मी एक करतो. पालकांना बोलावून त्यांच्यासमोर मुलाला 'पाच दे' म्हणतो. वहीपेक्षा ते त्यांना जास्त कळतं, रोज हिशेब करणारी माणसं आहेत ती. सगळ्यांना पटतं असं नाही. मजुरी बुडवून येणारेही थोडेच.

अलकनंदा_मांजलपूर

पुढच्या आठवड्यात जायचा विचार आहे. मावशी, तुम्ही याल का बरोबर? अर्ज कसा लिहायचा तेही सांगाल. आणि कुठला वार बरा?

सुमनमावशी_डभोई

येते की. बुधवार सोडून कुठलाही. बुधवारी ममता दिवस असतो, बाईला डोकं वर काढायला वेळ नसतो. आणि दहाच्या आत पोचू, थाळ्या मांडायच्या आधी.